घर बंद, पण दिवे चालू: वाचकांचे प्रश्न

गणपती जवळ आले की गावी निघालेल्यांचे तेच प्रश्न येतात: बंद घरात कुणीतरी आहे असं दिव्यांनी कसं भासवायचं? त्यातले काही इथे घेतले आहेत.

हॉलमधला एक दिवा दहा दिवस चालूच ठेवला तर?

नको. भर दुपारी आणि पहाटे चारलाही तो पेटलेला दिसला, की घरात कुणी नाही हे कुणालाही कळतं.

स्मार्ट दिव्यांच्या ॲपमध्ये ‘रँडम’ पर्याय आहे. सगळ्या खोल्यांना लावला की झालं ना?

नाही झालं. अशा पर्यायांत बहुतेकदा प्रत्येक दिवा आपापली चिठ्ठी काढतो, शेजारच्या खोलीत काय चाललंय त्याचा त्याला पत्ता नसतो. मग साडेआठला अख्खं घर काळोखात, दहा मिनिटांनी एकदम तिन्ही खिडक्या उजळलेल्या, आणि स्वयंपाकघरातला दिवा दोनच मिनिटांत बंद. माणसं अशी राहत नाहीत. माणूस एका खोलीतून दुसरीत जातो. म्हणून क्रम पक्का ठेवायचा आणि फक्त वेळा हलवायच्या.

बोरिवलीतला दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके घ्या. हॉल आणि स्वयंपाकघर रस्त्याकडे, बेडरूम शेजारच्या विंगकडे. सप्टेंबरच्या मध्यावर मुंबईत सूर्यास्त साधारण 6:40 ला. हॉलचा दिवा त्याच्या 10 मिनिटं आधी ते 20 मिनिटं नंतर केव्हातरी लागावा. त्यानंतर 25 ते 50 मिनिटांनी स्वयंपाकघर, तासभर किंवा थोडं जास्त, आणि तेवढा वेळ हॉल चालूच, कारण पोळ्या करताना कुणी हॉल काळोखात ठेवत नाही. रात्री 10:40 ते 11:20 च्या दरम्यान आधी बेडरूम लागावी, आणि मग 2 ते 6 मिनिटांनी हॉल विझावा. लोक नेमके इथेच फसतात. हॉल आधी विझतो, मधे घर पूर्ण काळं होतं आणि मग बेडरूम उजळते. बेडरूम 15 ते 40 मिनिटं पुरे.

पहिल्या दिव्याला ‘संध्याकाळी सात’ अशी ठरावीक वेळ देऊ नका, सूर्यास्ताशी बांधा. मुंबईत नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे 7:20 ला. आज लावलेली सातची वेळ डिसेंबरात तशीच राहिली, तर घर तासभर काळोखात बसेल.

निघायच्या आधी एक संध्याकाळ हे चालवा, खाली रस्त्यावर उभे राहा आणि वर बघा. जाड पडदा असेल, तर सगळी मेहनत पडद्याच्या आतच राहते.

दुकानदार म्हणतो, सगळ्या खोल्यांचे स्विच बदलून स्मार्ट स्विच लावा, नाहीतर उपयोग नाही.

त्याला माल खपवायचाय. बाहेरून दिसणाऱ्या दोन-तीन खिडक्या पुरतात, आणि टेबललॅम्प असेल तर साध्या स्मार्ट प्लगवरही भागतं. भिंतीतला स्विच बदलायचाच असेल, तर आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बॉक्स उघडून न्यूट्रल आहे का ते बघू द्या. जुन्या इमारतींत तो बऱ्याचदा नसतो. न्यूट्रल नसलेल्या ठिकाणी चालणारे स्विच मिळतात, पण त्यांच्यावर कमी वॅटचा एलईडी कधीकधी बंद असतानाही मिणमिणतो.

घरातली स्मार्ट उपकरणं चालवणाऱ्या ‘होम असिस्टंट’ या सॉफ्टवेअरवर क्रम लावला होता, तरी हॉलचा दिवा सकाळपर्यंत चालू राहिला. का?

मधे लाईट गेली असणार. `delay` ही थांबण्याची पायरी चालू असताना सिस्टीम रीस्टार्ट झाली, की तो क्रम तिथेच संपतो आणि ‘बंद कर’ ही पायरी येतच नाही. वेगळं ऑटोमेशन ठेवा:

```yaml
triggers:
  - trigger: time
    at: "00:45:00"
actions:
  - action: light.turn_off
    target:
      entity_id: all
```

दिवे प्लगवर असतील, तर ते `switch` म्हणून दिसतात, त्यांना `switch.turn_off` वेगळं लागेल. आणि पुष्कळसे स्मार्ट बल्ब लाईट परत आली की आपोआप पेटतात. रात्री तीनला सगळं घर लख्ख! वीज आल्यावर बल्बने काय करायचं ही सेटिंग बघून ‘बंद’ किंवा ‘आधीची स्थिती’ निवडा, मग मेन पाडून परत चढवून खात्री करा.

आम्ही जाताना मेन स्विच पाडतो. चालेल?

मेन पाडला की राउटरही मेला आणि दिवेही. गिझर, एसी यांचे एमसीबी पाडा आणि लाईटचं सर्किट चालू ठेवा. कोणता एमसीबी कशाचा हे नक्की माहीत नसेल, तर अंदाज करू नका, इलेक्ट्रिशियनकडून नावं लिहून घ्या.

उद्या पहाटेची गाडी आहे. आज रात्री काय करता येईल?

स्विच बदलायला आज घेऊ नका. हॉलमधल्या लॅम्पला एक टायमर प्लग लावा आणि शेजाऱ्यांना किल्ली देऊन सांगा, एक दिवसाआड संध्याकाळी बेडरूमचा दिवा लावून जा, दारातलं वर्तमानपत्र उचला. पेपर आणि दूध बंद करायला आत्ताच फोन करा. सोसायटीच्या ग्रुपवर ‘गावाला चाललो’ असं टाकू नका, सेक्रेटरीला तेवढं प्रत्यक्ष सांगा.