सागवानी दरवाजांचं काम संपलं, आता रिव्ह्यूत काय लिहायचं?

प्रश्न: वणीजवळच्या खेड्यात आमच्या जुन्या घराला नव्या सागवानी चौकटी अन् दरवाजे बसवले. काम आत्ताच संपलं. सुतार म्हणतो, गूगलवर चांगला रिव्ह्यू टाका. दिसायला सगळं छान दिसतंय. काय काय बघून लिहू?

उत्तर:

वेळ, पैसे आणि साफसफाई याबद्दल आजच लिहा. फिनिशिंगबद्दल मात्र एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलीचिंब होते. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, पण रुंदीत आकसतं आणि फुगतं. इतर लाकडांच्या मानानं सागवान कमी हलतं, पण तेही नीट वाळलेलं असेल तरच. पॉलिश केलेला ओला दरवाजा पहिल्या दिवशी वाळलेल्या दरवाजाइतकाच चकचकीत दिसतो.

तरी काही गोष्टी आजही कळतात. दरवाजाच्या वरच्या कडेवर हात फिरवा. स्टुलावर चढावं लागेल, पण चढाच. ती कड कोणाला दिसत नाही म्हणून बरेच कारागीर तिला पॉलिश लावतच नाहीत, आणि खालच्या कडेलाही नाही. बोटांना खरखरीत, कोरं लाकूड लागलं तर पावसाळ्यात ओल तिथूनच आत शिरणार आणि ऑगस्टमध्ये दरवाजा चौकटीला अडणार. दुसरं, बिजागरीचे स्क्रू बघा. खाच चेपलेली असेल, डोकं तिरपं बसलेलं असेल, तर तो स्क्रू बहुधा पिळून बसवलेला नाही, हातोडीनं ठोकलेला आहे. वजनदार सागवानी दरवाजा अशा स्क्रूंवर फार काळ टिकत नाही. तिसरं, दरवाजा अर्धा उघडून सोडून द्या. तो आपोआप उघडत किंवा मिटत गेला तर चौकट ओळंब्यात नाही.

उन्हाळ्यात बघायची खूण वेगळी आहे. पॅनलच्या दरवाजात मधली फळी आजूबाजूच्या पट्ट्यांच्या खाचेत मोकळी बसलेली असते, तिला फेविकॉल किंवा खिळा लावायचा नसतो. म्हणजे ती आकसली तरी तडकत नाही. माझ्या घरी असे दरवाजे केले तेव्हा आमच्या मिस्त्रीनं फळी खाचेत घालण्याआधीच पॉलिश करून घेतली होती. मे महिन्यात फळ्या आकसल्या, पण खाचेतून बाहेर आलेला भागही पॉलिश केलेलाच होता. शेजारच्या घरी दरवाजा जोडून झाल्यावर वरून पॉलिश मारलं. तिथं उन्हाळ्यात प्रत्येक फळीच्या कडेला कोऱ्या लाकडाची फिकी रेघ उघडी पडली. अशी रेघ आली तर रिव्ह्यूत जरूर लिहा. दरवाजा त्यानं मोडणार नाही, पण कारागीर किती पुढचा विचार करतो ते त्यातून दिसतं.

आता पैसे. इस्टिमेटपेक्षा बिल जास्त आलं म्हणजे फसवणूक झाली असं नसतं, आधी घनफुटाचा हिशेब स्वतः करून बघा. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात घेऊन गुणायची आणि १४४ नं भागायचं. आमची चौकट बिनउंबऱ्याची, पाच इंच बाय तीन इंचाची. दोन उभे खांब सात-सात फूट आणि वरचा आडवा साडेतीन फूट, मिळून साडेसतरा फूट. १७.५ गुणिले ५ गुणिले ३ भागिले १४४ म्हणजे साधारण १.८२ घनफूट. चार चौकटींचे सव्वासात-साडेसात. त्यावर दहा टक्के कटाई धरली तर आठ. बिलात मात्र साडेदहा लागले होते.

विचारल्यावर मिस्त्री म्हणाला, “भाऊ, दोन नगांत पांढरं लय निघालं. ते लावलं असतं तर उधई लागली असती. तुकडे तिथंच हायेत, पाहून घ्या.” तुकडे खरोखर आंगणात कुडाला लावून ठेवले होते आणि मोजल्यावर हिशेब जुळला. सागवानाचा आतला तपकिरी गाभा टिकतो, बाहेरच्या पांढऱ्या भागाला मात्र कीड आणि उधई लवकर लागते. त्यानं ते काढून टाकलं हे चांगलंच केलं. म्हणून माझ्या मते खर्च वाढला की नाही यापेक्षा वाढलेलं लाकूड दाखवता येतं की नाही, ते लिहावं. मापाचाही टेप लावा. तीन इंचाची चौकट रंधा मारल्यावर पावणेतीन भरली तर रास्त आहे, अडीच भरली तर अर्ध्या इंचाचे पैसे कशाचे घेतले ते विचारा. आणि डेपोची पावती मागून जपून ठेवा. विनापरवाना आणलेलं सागवान वनखातं जप्त करू शकतं.

आमच्या मिस्त्रीचं एक मात्र चुकलं. बिजागऱ्या, अल्ड्रॉप, कडी-कोयंडे इस्टिमेटमध्ये धरलेच नव्हते आणि शेवटी वेगळी चिठ्ठी हाती आली. हे मी रिव्ह्यूत स्पष्ट लिहिलं. दरवाजा बिजागरीशिवाय बसत नाही हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असणार.

वेळेचं बोलायचं तर खेड्यातल्या सुताराला शहरातल्या ठेकेदाराच्या कॅलेंडरनं मोजू नका. रोहिणी लागल्या की तिफणी, वखर, डवरे दुरुस्तीला येतात आणि पेरणी कोणासाठी थांबत नाही. आमचं काम पंधरवडाभर लांबलं ते यामुळेच. पण त्यानं चौकटी बसवतानाच सांगितलं होतं, “मिरगाच्या आधी दरवाजे झाले तर झाले, नाहीतर पेरण्या झाल्यावर.” मी वेळेचे गुण कापले नाहीत. फोन न उचलता गायब झाला असता तर नक्की कापले असते.

साफसफाईकडे लोक सर्वांत कमी बघतात, आणि ज्यांच्या आंगणात जनावरं बांधलेली असतात त्यांनी सर्वांत जास्त बघायला पाहिजे. भुश्यात पडलेला खिळा कुटारात मिसळला की गाय तो कुटारासोबत गिळते. खिळा पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकतो आणि पुढे टोचत गेला तर हृदयाच्या आवरणापर्यंत पोचतो. अशी गाय चारा सोडते, पाठ वाकवून उभी राहते आणि पुष्कळदा वाचत नाही. म्हणून झाडून झालं असं सुतार म्हणाला तरी जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून सगळ्या आंगणात ओढा, विशेषतः जिथं त्याची मशीन मांडली होती तिथं. पितळी स्क्रू चुंबकाला लागत नाहीत, स्टेनलेस स्टीलचेही बहुधा नाहीत, ते हातानं वेचावे लागतात. आमच्या आंगणात चुंबकाला खिळ्यांचा झुपका लागला. मिस्त्रीला बोलावून दाखवला, तेव्हा तो आणि त्याचा पोरगा पुन्हा बसून संध्याकाळपर्यंत वेचत राहिले. पॉलिशच्या चिंध्याही कोपऱ्यात गोळा करून ठेवल्यात का ते बघा. त्यात जवसाचं तेल असेल तर चिंध्यांचा ढीग आपोआप तापून पेटू शकतो, त्या पसरून वाळवल्यावरच टाकायच्या.

शेवटची थोडी रक्कम पहिल्या पावसापर्यंत ठेवून घ्यायची असेल तर ते काम ठरवतानाच बोलून घ्यायचं असतं. आता काम संपल्यावर पैसे अडवू नका. त्याऐवजी ऑगस्टमध्ये रंधा घेऊन एक चक्कर मारशील का, एवढं आजच विचारून ठेवा. तो आला की नाही, ते रिव्ह्यूत नंतर जोडता येतं.