मेसेज सकाळच्या बसच्या आधी पोचला पाहिजे

प्रश्न: आमच्या पॅकिंग टीममध्ये वीसेक माणसं आहेत. पावसाळ्यात एकाला फ्लू झाला की पाठोपाठ सगळे पडतात. "आजारी असाल तर घरी राहा" असा मेसेज मॅनेजर म्हणून कसा लिहावा, म्हणजे कोणाला वाईट वाटणार नाही?

वाईट कोणालाच वाटत नाही. लोक तो मेसेज वाचतात, अंगठा दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी ताप घेऊन कामावर येतात. तसं ते का करतात, ते आधी बघा. शब्द मग आपोआप सुचतात.

गोव्यातल्या कुंडईच्या एका कारखान्यातलं पॅकिंग डोळ्यासमोर ठेवून सांगतो. नाव घेत नाही. पहिली शिफ्ट 7 ची, कंपनीची बस वाळपईहून पावणेसहाला सुटते आणि होंडा, उसगाव, फोंडा करत पोचते. ऑगस्टचा महिना, गणेशाची चवथ तोंडावर. मॅनेजरने सोमवारी सकाळी आठला ग्रुपवर टाकलं, "फ्लूचे दिवस आहेत, काळजी घ्या, बरं नसेल तर घरी आराम करा." आठ वाजता! तेव्हा एक मुलगा आधीच सव्वा तास बसमध्ये बसून आला होता. बाहेर मुसळधार पाऊस, त्यामुळे बसच्या सगळ्या काचा बंद. इन्चार्जने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "जोर ना, मात्शें आंग हुन लागता." म्हणजे ताप नाही, जरा अंग गरम लागतंय. त्याने सव्वापाचला पॅरासिटामॉल घेतली होती. तिचा असर चार ते सहा तास टिकतो. गेटवर कपाळाला लावायची तापाची बंदूक होती, तिने नॉर्मल दाखवलं. एक तर गोळी अंगात होती, आणि पावसात भिजलेलं, वाऱ्यावर गार झालेलं कपाळ त्या यंत्राला खरा ताप दाखवतच नाही. साडेदहाला तो लाइनवर कुडकुडायला लागला.

फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुधा दोन. म्हणून मंगळवारी सगळं ठीक वाटलं. बुधवारी रात्रीपासून गुरुवारपर्यंत चौघे पडले. त्यातले तिघे बसमध्ये त्याच्या आजूबाजूला बसणारे होते, लाइनवर त्याच्याजवळ उभे राहणारे नव्हते. पहिल्या तीन-चार दिवसांत माणूस सर्वांत जास्त पसरवतो, आणि लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासूनच पसरवायला लागतो. तो आधीचा दिवस कोणीच वाचवू शकत नाही. पण ताप आलेला कळल्यावरचे दिवस वाचवता येतात. मेसेज त्यासाठीच असतो.

आता तो मुलगा का आला? त्याचा हिशोब करा. रोज 600 रुपये धरा. पगार 21,000 च्या आत असल्यामुळे तो ईएसआय या कामगार विमा योजनेत आहे, आणि ऑफिसातल्या लोकांना वाटतं की मग आजारपणाचे पैसे मिळतातच. मिळतात, पण पहिले दोन दिवस सोडून, आणि तेही रोजाच्या सुमारे 70 टक्के. तीन दिवस घरी राहिला तर 1,800 च्या जागी त्याच्या हातात सुमारे 420 येतात. मागच्या आजारपणाला पंधरा दिवस झाले नसतील तरच ते दोन दिवस सुटत नाहीत. वरून पूर्ण हजेरीचा बोनस गेला. आणि साठवलेली रजा वापरायची म्हटली तर चवथीला गावच्या घरी पाच दिवस कसा राहणार? गोव्यात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, आणि नेमकी त्याच वेळी प्रत्येक जण रजा चवथीसाठी राखून ठेवत असतो. "आराम करा" या दोन शब्दांत त्यातलं काहीच सुटत नाही.

म्हणून मेसेजमध्ये या गोष्टींची उत्तरं हवीत: पैसे, रजा, कोणाला कळवायचं, जागी कोण उभं राहणार, परत कधी यायचं. मी असा लिहीन:

"हा मेसेज सप्टेंबर अखेरपर्यंत लागू आहे. अंगात 100 फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, किंवा कणकण आणि खोकला असेल, तर बस पकडू नका. गोळीने ताप उतरला असला तरी येऊ नका. आदल्या रात्री 9 पर्यंत, नाहीतर सकाळी 5 पर्यंत इन्चार्जला फोन करा किंवा 'ताप, आज नाही' एवढंच लिहा. बसमध्ये चढल्यावर बरं वाटेनासं झालं तर तेव्हाही सांगा, कोणी रागावणार नाही. पहिल्या दोन दिवसांचा पगार कापणार नाही, हजेरी बोनस जाणार नाही, चवथीच्या रजेतून हे दिवस वजा होणार नाहीत. या दोन दिवसांना सर्टिफिकेट नको. बदली माणूस इन्चार्ज बघेल, तुम्ही शोधायचा नाही. गोळी न घेता 24 तास ताप नसेल आणि बरं वाटत असेल तेव्हा या, आणि आल्यावर पाच दिवस मास्क लावा. ताप दोन दिवसांनंतरही असेल तर रक्त तपासून घ्या."

हा संध्याकाळी सहा-सातला टाका, माणूस घरी पोचून चहा पीत असतो तेव्हा. मराठीत टाका, आणि सोबत कोकणीत अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेजही ठेवा, कारण पॅकिंगच्या ग्रुपवर लांब मजकूर अर्धे लोक वाचत नाहीत. ठेकेदाराची माणसं बहुतेक वेळा त्या ग्रुपमध्ये नसतातच. ती त्याच बसने येतात, त्याच टेबलाशी उभी राहतात. त्यांच्या ठेकेदाराशी आधी बोलून पहिल्या दोन दिवसांचे पैसे कोण देणार ते ठरवा, नाहीतर मेसेजमधला "पगार कापणार नाही" हा शब्द त्यांच्यापुरता खोटा ठरतो.

परत येण्याच्या वाक्यावर सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून एक हिशोब मांडतो. शेवटची गोळी बुधवारी दुपारी 2 ला घेतली. तिचा असर रात्री 8 पर्यंत गेला. तेव्हा ताप नाही, पुढेही आला नाही. तिथून 24 तास म्हणजे गुरुवार रात्री 8. म्हणजे शुक्रवारची पहिली शिफ्ट. लोक गुरुवारी सकाळीच येतात, कारण "काल संध्याकाळपासून ताप नाही" हे खरंच असतं. इन्चार्जला एकच प्रश्न विचारायला सांगा: शेवटची गोळी कधी घेतली? ताप आहे का, हे विचारून काही कळत नाही.

आता त्या हजेरी बोनसबद्दल. त्या मॅनेजरशी माझा वाद तिथेच झाला होता, आणि माझं मत आजही तेच आहे. त्याचं म्हणणं, दोन दिवस बिनसर्टिफिकेट दिले की लोक सोमवार-शनिवार साधून घेतील. मग रजिस्टर उघडा ना. तापाचे दिवस वेगळ्या खुणेने लिहा आणि महिनाअखेरीला बघा, कोणाचे दिवस सारखे रविवारला चिकटतात. त्या एकाशी बसून बोला. एकासाठी वीस जणांना तापात दवाखान्याच्या रांगेत उभं करू नका. पहिल्याच दिवशी सर्टिफिकेट मागणं म्हणजे अंथरुणात पडायच्या माणसाला पावसातून आरोग्य केंद्रात पाठवणं, आणि तिथल्या बाकावर म्हाताऱ्यांच्या आणि गरोदर बायकांच्या शेजारी बसवणं. फ्लू त्यांनाच जास्त जड जातो. आणि पैशांचं म्हणाल तर त्या मुलाचे दोन दिवस म्हणजे 1,200 रुपये. त्याच आठवड्यात गुरुवारी चार माणसं कमी पडली, दुसऱ्या शिफ्टला ओव्हरटाइम द्यावा लागला, तो दुप्पट दराने. चौघांचा एकाच दिवसाचा ओव्हरटाइम 4,800 होतो. हजेरी बोनस पावसाळ्याचे चार महिने बंद ठेवा किंवा तापाचे दिवस हजेरीतच धरा. दोन्हीपैकी काहीच करायचं नसेल तर मेसेज पाठवून उपयोग नाही.

काही गोष्टी राहिल्या. ईएसआयचे दिवस सर्टिफिकेटवरच्या तारखेपासून मोजतात. कंपनी दोन दिवस सर्टिफिकेट मागत नाही म्हणून माणूस तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेला, तर त्याचे बिनपैशांचे दोन दिवस तिथून सुरू होतात. ताप जोराचा असेल आणि लांबेल असं वाटत असेल तर त्याने पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात जाणं बरं. मात्र ज्या दिवसाची पगारी रजा दिली, त्या दिवसाचा ईएसआयचा लाभ मिळत नाही, म्हणून एकाच दिवसाचे दोन्हीकडे लिहू नका.

आणि हे फ्लूच आहे असं धरून चालू नका. याच महिन्यांत गोव्यात डेंगी असतो, शेतात उतरणाऱ्यांना लेप्टो होतो. पहिले दोन दिवस तिन्ही सारखेच दिसतात. फ्लूत ताप उतरला की माणूस सुधारतो. डेंगीत मात्र धोका बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये. तिथे माझा 24 तासांचा नियम फसवतो. ताप गेल्यावर पोटात सारखं दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर कामावर नाही, थेट हॉस्पिटलात, गरज पडल्यास 108 बोलावून. पोटऱ्या खूप दुखत असतील आणि डोळे लाल झाले असतील तर आपण शेतात, चिखलात काम केलं होतं हे डॉक्टरला आठवणीने सांगावं. आणि रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच घ्यावी, अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको. डेंगी असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. कारखान्याच्या प्रथमोपचार पेटीत आयबुप्रोफेनच्या पट्ट्या असतील तर पावसाळ्यापुरत्या काढून ठेवा.

तुमच्याकडे बस नसेल, लोक आपापल्या स्कूटरने येत असतील, तर सकाळी 5 ची वेळ तुमच्या शिफ्टप्रमाणे बदला. शिफ्टच्या दोन तास आधी कळलं तर बदली माणूस मिळतो, अर्धा तास आधी कळलं तर नाही.