सश्रम शिक्षेतली मजुरी आणि शिकलेले काम

प्रश्न : जेलमध्ये शिक्षा भोगणाऱ्याला कामाचा पगार मिळतो का? तिथे शिकलेले बाहेर उपयोगी पडते का?

मिळतो, पण तुम्ही समजता तसा तो पगार नसतो. माझ्या थोरल्या भावाला सश्रम कारावास झाला आणि काही महिने जळगावला काढल्यावर त्याला नाशिक रोड मध्यवर्ती कारागृहात पाठवले. घरी केळीच्या घडांशिवाय त्याने कशाला हात लावलेला नव्हता, म्हणून सुतारकामाच्या विभागात त्याची नोंद अकुशल अशी झाली. त्या वर्गाचा दर तेव्हा दिवसाला चाळीस-पंचेचाळीस रुपये होता. म्हणजे महिन्याचे 25 दिवस भरले तरी हजाराच्या आसपासच. लाकूड आले नाही किंवा तारखेला न्यायालयात नेले, तर त्या दिवसाची मजुरी लागत नसे. नेमून दिलेले काम पुरे झाले नाही, तरी रक्कम घटत असे. पैसे हातात येत नाहीत, कैद्याच्या खात्यावर जमा होतात. त्यातून तो कॅन्टीनमध्ये साबण-तेल घेई आणि उरलेल्यातून आईला मनिऑर्डर करी. पहिली मनिऑर्डर 600 रुपयांची होती. आईने पोस्टमनसमोर अंगठा उठवला आणि तिने त्या नोटा देव्हाऱ्यात ठेवल्या.

माझे मोठे काका आजही चारचौघांत म्हणतात, की तो सरकारचे फुकट खाऊन आला. हे साफ खोटे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच सांगितले, की कैद्याला कामाची न्याय्य मजुरी दिली पाहिजे आणि ती ठरवताना त्याच्या अन्नवस्त्राचा खर्च वजा करता येईल. दर इतका कमी असण्याचे एक कारण हेच आहे. फुकट खाल्ले म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी पाहावा.

पुढे तो अर्धकुशल आणि मग कुशल झाला. हा बदल आपोआप होत नाही. विभागातल्या निदेशकाने काम पाहून शिफारस करावी लागते, आणि भावाने तर सहा महिने ती मागितलीच नव्हती. सुटून आल्यावर एका फर्निचरवाल्याने त्याची दाराची चौकट पाहिली, जोडात नखही शिरेना म्हणून दर ठरवला, आणि काम कुठे शिकलात हे ऐकताच नकार दिला. ती चौकट आमच्या ओसरीच्या दाराला आहे. पाच पावसाळ्यांत ती फुगली नाही. आता तो गावात स्वतःच कामे घेतो, तेव्हा माझ्यापुरते उत्तर होय असेच आहे.

मात्र हे सगळे सश्रम शिक्षेच्या आणि लांब मुदतीच्या कैद्याचे झाले. साध्या कारावासात कामाची सक्ती नसते, ते मागून घ्यावे लागते, आणि कच्च्या कैद्यालाही ते बंधनकारक नसते. तुमचा माणूस आत असेल, तर त्याला कोणत्या वर्गात घातले आहे हे पुढच्या भेटीत विचारा, आणि मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचीही चौकशी करा. माझ्या काकांसारखे कोणी आडवे आले, तर त्यांना मनिऑर्डरची पावती दाखवा. आईने ती अजून जपून ठेवली आहे.