आधी ‘जाहिरात’ लिही, मग चवीबद्दल

तुझ्या ब्लॉगवर लेख लिहिण्यासाठी कोथरूडच्या कॅफेनं तुला फुकट जेवण आणि ३,००० रुपये देऊ केलेत, पण ‘जाहिरात’ असं लिहायचं नाही आणि लिंक साधी ठेवायची, अशी अट घातलीय. या अटीवर काम घेऊ नकोस.

पैसे नसते, नुसतं जेवण असतं, तरी सांगावं लागलंच असतं. फुकट मिळालेली वस्तूही मोबदलाच धरतात. लेखाच्या पहिल्याच ओळीत लिही: ‘जाहिरात: या लेखासाठी कॅफेनं मला पैसे आणि जेवण दिलं आहे.’ मी सुरुवातीला हे तळाशी लिहायचो. एका वाचकाला ते खूप उशिरा दिसलं आणि त्याचा माझ्या जुन्या लेखांवरचाही विश्वास उडाला. ते मला फार लागलं.

लिंक अशी दे, म्हणजे ‘sponsored’ या शब्दामुळे ती पैसे घेऊन दिलेली आहे हे गुगलला कळेल:

```html
<a href="https://example.com" rel="sponsored">कॅफे</a>
```

पैसे घेऊन साधी लिंक दिली तर गुगल ती लिंकची विक्री समजतं आणि शोधात तुझं पान मागे पडू शकतं. ॲफिलिएट लिंकलाही हेच लाव, आणि खरेदी झाल्यास तुला कमिशन मिळतं हे लिंकच्या आधी सांग.

आपोआप दिसणाऱ्या जाहिराती वाचक ओळखतो. तुझ्या शब्दांतली शिफारस मात्र पैसे घेऊन केलेली आहे का, हे त्याला ओळखता येत नाही.

कॅफेवाल्याला आजच कळव. मजकूर छापण्याआधी त्याला फक्त पत्ता आणि दर तपासायला दे, मत नाही.