वाटणीच्या कथेत एकच भांडं धर

बहीण-भावातल्या वाटणीच्या तुझ्या कथेचा खर्डा दोनदा वाचला. आईच्या स्वयंपाकघरातली तेवीस भांडी तू मोजून मांडली आहेस, पण त्यातलं एकही डोळ्यांपुढे राहत नाही. बाकीची दोन ओळींत वाटून टाक आणि पितळेचं पातेलं तेवढं ठेव.

पितळेच्या भांड्याला कल्हई लागते. ती उडाली की आतून पिवळं दिसायला लागतं आणि चिंचेची आमटी त्यात कळकते. हे दोघांनाही ठाऊक आहे. आता पातेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव भावाचं असू दे, त्याच्या बारशाची तारीख असू दे. आईच्या आजारपणात मात्र त्यात रांधलं बहिणीने. हक्क दोघांचाही खरा झाला, की कथा उभी राहते.

तुझ्या खर्ड्यात बहीण म्हणते, "आईचं सगळं मीच केलं." हे वाक्य काढ. त्याऐवजी असं करून बघ:

"अक्का, नाव माझं आहे त्यावर."
"ने की. कल्हई कुठं करतोस पुण्यात?"

तो बोटाने आतला पिवळा डाग चोळत राहतो. आजारपण, राग, न येणं, सगळं त्या डागात येतं.

सोलापूर दाखवायला चादरी नकोत. खलबत्त्याला अजून शेंगाचटणीच्या लसणाचा वास येतोय, एवढं पुरे. आणि शेवटची मिठी काढून टाक. पातेलं ओट्यावरच राहू दे.