सहकाऱ्याच्या कामाचं कौतुक करणारा मेल: २बीच्या जुळणीचं उदाहरण

प्रश्न: मी पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये टीम लीड आहे. आमच्यातल्या एकीने २०२४-२५ चं जीएसटीआर-२बीमध्ये न दिसणारं क्रेडिट मुदतीच्या आत मार्गी लावलं. ६३ बिलं होती, ६,४२,००० रुपयांचं क्रेडिट. त्यातली ५८ सुटली. सीएफओंना सीसी करून मेल पाठवायचा आहे. मी लिहिलंय, "तुझ्या अथक मेहनतीमुळे आणि समर्पणामुळे कंपनीचे लाखो रुपये वाचले. असंच काम करत राहा." वाचताना अगदी शुभेच्छापत्र वाटतंय. नेमकं काय बदलू?

उत्तर:

तुमच्या मसुद्यात 'अथक मेहनत' आणि 'समर्पण' हे शब्द आहेत, पण तिने काय केलं हे सांगणारं क्रियापद एकही नाही. हाच मेल उद्या पगारपत्रकं बनवणाऱ्याला पाठवला तरी काही बदलावं लागणार नाही. म्हणून विशेषणांना हात लावू नका, आधी क्रियापदं शोधा.

त्यासाठी तिची वर्किंग शीट उघडा आणि ६३ बिलं कारणानुसार वेगळी करा. २बीच्या जुळणीत, म्हणजे आपली खरेदी नोंदवही आणि पुरवठादारांच्या विवरणांवरून बनलेली २बी ताडून पाहताना, साधारण तीन ढीग पडतात. पुढचे पोटआकडे मी नमुन्यापुरते धरलेत, खरे तुमच्या शीटमधून घ्या.

पहिला ढीग २१ बिलांचा, १,३८,००० रुपये. ही बिलं २बीमध्ये होतीच. आपल्या खरेदी नोंदवहीत नंबर '457' आणि पुरवठादाराकडे 'INV/0457/24-25', म्हणून एक्सेलला ती जुळत नव्हती. दुसरा ढीग २९ बिलांचा, ३,३१,४०० रुपये. इथे पुरवठादाराने आपल्या चाकणच्या नोंदणीऐवजी रांजणगावच्या नोंदणीचा जीएसटीआयएन टाकला होता. क्रेडिट आलं होतं, पण चुकीच्या घरी. तिसरा ढीग १३ बिलांचा, १,७२,६०० रुपये. ही पुरवठादाराने जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे त्याच्या विक्रीच्या विवरणात, दाखवलीच नव्हती. त्यातली ८ नंतर भरली गेली (१,१७,००० रुपये), ५ राहिली (५५,६०० रुपये).

आता तीन ढिगांना तीन वेगळी क्रियापदं लागतात. पहिली बिलं तिने *शोधली*, दुसरी *दुरुस्त करून घेतली*, तिसरी *भरून घेतली*. कष्टही सारखे नाहीत. पहिलं काम आपल्याच टेबलावर बसून होतं. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी दुसऱ्या कंपनीतल्या माणसाकडून काम करून घ्यावं लागतं, आणि त्याला त्यात स्वतःचा काही फायदा नसतो. सगळ्याला एकच 'क्लिअर केलं' लावलं की तिच्या कामातला अवघड भाग सोप्या भागाखाली दडपला जातो. हे काम स्वतः केलेल्या माणसाला ते लगेच खटकतं. तिला तर खटकेलच.

यानंतर तारखा पाहा. बहुतेक मेल इथेच फसतात, कारण लिहिणारा कायद्यातली मुदत लिहितो आणि कामाची खरी मुदत विसरतो. २०२४-२५ चं क्रेडिट घ्यायची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२५ होती, वार्षिक विवरण त्याआधी भरलं नसेल तर. पण बिल २बीमध्ये दिसल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही. मासिक विवरण भरणाऱ्या पुरवठादाराची ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ ची तारीख ११ नोव्हेंबर, आणि त्यावर आधारलेली २बी १४ तारखेला बनते. ११ तारीख हुकली की ते बिल पुढच्या, म्हणजे १४ डिसेंबरच्या २बीमध्ये येणार. तोपर्यंत मुदत संपलेली. म्हणजे तिच्या हातात ३० नाही, ११ नोव्हेंबरपर्यंतच वेळ होता, आणि मध्ये ऑक्टोबरचा तिसरा आठवडा दिवाळीत गेला. तिने पुरवठादारांना पहिलं पत्र सप्टेंबरमध्ये पाठवलं असेल, तर त्या एका तारखेत 'समर्पणा'पेक्षा जास्त कौतुक आहे. तिच्या पाठवलेल्या मेलमध्ये ती तारीख सापडेल.

ते पत्रही उघडून वाचा. सगळे लिहितात, "आपली बिले २बीमध्ये दिसत नाहीत, कृपया तपासा." अशा मेलला उत्तर येत नाही, कारण तपासायचं काय हेच समोरच्याला कळत नाही. तिने प्रत्येक पुरवठादाराला फक्त त्याच्याच बिलांचा तक्ता दिला असेल, बिल नंबर, तारीख, करपात्र रक्कम, टाकलेला जीएसटीआयएन आणि हवा असलेला जीएसटीआयएन अशा पाच रकान्यांचा, तर समोरच्या अकाउंटंटला तो बघून थेट दुरुस्ती भरता येते. २९ बिलं सुटण्यामागे बहुधा हेच कारण असेल. मेलमध्ये ते आलंच पाहिजे.

शीटमधून आणि पत्रांमधून जे कळणार नाही, ते तिलाच विचारा. चहाच्या वेळी दहा मिनिटं पुरतात. "सगळ्यात जास्त कशात अडकलीस?" आणि "कोणाची मदत झाली?" एवढे दोनच प्रश्न. दुसरा विसरू नका. डिस्पॅचच्या माणसाने मालाच्या पावत्या शोधून दिल्या असतील आणि श्रेय एकटीला गेलं, तर त्याचा त्रास पुढे तिलाच होतो.

आता 'लाखो रुपये वाचले' याबद्दल. सीएफओ या वाक्यावर थांबणार. इनपुट टॅक्स क्रेडिट हा कंपनीचा हक्कच होता, ती बचत नव्हे. मुदत गेली असती तर तो बुडाला असता, म्हणून 'बुडण्यापासून राखलं' किंवा सरळ 'मुदतीत घेतलं' म्हणा. 'व्याज आणि दंड वाचला' असंही काही जण भरीला घालतात. हे क्रेडिट आपण आधी घेतलंच नव्हतं, तर व्याजाचा प्रश्न येतो कुठून? आणि सुटलेल्या ५८ बिलांची ५,८६,४०० ही रक्कम शीटमधून उचलू नका. कंपनीच्या ऑक्टोबरच्या मासिक विवरणात, म्हणजे जीएसटीआर-३बीमध्ये, खरोखर किती घेतलं ते पाहून लिहा. दोन्हींत फरक असेल तर ३बीचा आकडा धरा आणि फरक कशाचा ते तिला आधी विचारा. कौतुकाच्या मेलमधला चुकीचा आकडा दुरुस्त करणारा दुसरा मेल पाठवावा लागला, तर तो सगळ्यांना पहिल्यापेक्षा जास्त लक्षात राहतो.

राहिलेली ५ बिलं लपवू नका. ६३ पैकी ५८ म्हटलं की पाचांचं काय, हा प्रश्न येणारच. तुम्हीच एका ओळीत उत्तर दिलं, तर तो तिच्याकडे बोट दाखवून विचारला जात नाही. पुरवठादाराचं नाव मात्र घालू नका. मेल फॉरवर्ड होत होत खरेदी विभागात जातो, आणि तिथून कुठे जाईल सांगता येत नाही.

हे सगळं धरून मेल असा होईल. 'स्वाती' हे नाव नमुन्याचं.

> विषय: २०२४-२५ चं अडकलेलं क्रेडिट: ६३ पैकी ५८ बिलं मुदतीत, स्वातीचं काम
>
> स्वाती,
>
> २बीमध्ये न जुळणाऱ्या ६३ बिलांपैकी ५८ बिलांचं ५,८६,४०० रुपयांचं क्रेडिट आपण ऑक्टोबरच्या ३बीमध्ये घेतलं. मुदत ३० नोव्हेंबरची असली तरी पुरवठादारांसाठी ती ११ लाच संपते, हे धरून तू ८ सप्टेंबरलाच पहिली पत्रं पाठवलीस. दिवाळीच्या आधी निम्मी उत्तरं हातात होती ती त्यामुळे.
>
> २९ बिलं रांजणगावच्या नोंदणीवर गेली होती. प्रत्येक पुरवठादाराला फक्त त्याच्या बिलांचा, चुकीच्या आणि बरोबर जीएसटीआयएनसह तक्ता तू बनवून दिलास. सगळ्या २९ बिलांची दुरुस्ती भरली गेली. आणखी ८ बिलं पुरवठादारांनी दाखवलीच नव्हती, ती तू भरून घेतलीस. २१ बिलं नंबर लिहिण्याच्या पद्धतीमुळे जुळत नव्हती, ती शोधलीस.
>
> उरलेली ५ बिलं (५५,६०० रुपये) एकाच पुरवठादाराची आहेत. त्याने विवरणच भरलेलं नाही. तू त्याला चार वेळा लिहिलंस, ते सगळे मेल फाइलला आहेत.
>
> जुन्या पावत्या शोधून देणाऱ्या डिस्पॅचच्या मंडळींचेही आभार.
>
> तुझा तक्ता आता आपण दर महिन्याच्या जुळणीसाठी वापरतो आहोत.

यात 'उत्कृष्ट' नाही, 'अप्रतिम' नाही, आणि त्यांची उणीवही भासत नाही. पहिल्या परिच्छेदात आकडा आणि कारण दोन्ही आलं, कारण सीएफओ मोबाइलवर तेवढंच वाचतील. तीन ढिगांत अवघड काम आधी आणि सोपं शेवटी, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. सोप्या २१ बिलांनी सुरुवात केली तर सगळंच काम एक्सेलचं वाटतं. चार वेळा लिहिलं, ही संख्या मी घातली आहे. तुमच्याकडे दोन असतील तर दोनच लिहा.

शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या. तुमच्या मसुद्यात 'असंच काम करत राहा' होतं. ते वाचणाऱ्याला पुढच्या कामाची मागणी वाटते. तिच्या कामाचा वापर चालू आहे हे सांगितलं की ते काम टिकलं हे तिला कळतं. मात्र ते खरं असेल तरच लिहा. वापर सुरू केलेला नसेल तर आधी सुरू करा, नाहीतर ओळ काढा. आणि या मेलमध्ये नवं काम देऊ नका. "आता २०२५-२६ चंही बघून घे" हे वेगळ्या मेलमध्ये, दोन-चार दिवसांनी. बढती-पगारवाढीचा इशाराही नको, कारण तो शब्द नंतर पाळणं तुमच्या हातात नसतं.

'तू' की 'तुम्ही', याचं उत्तर सोपं आहे. ऑफिसात जसं बोलता तसंच. रोज 'तू' म्हणणाऱ्याने मेलमध्ये एकदम 'आपण केलेल्या कार्याची' सुरू केली की तो एचआरचं परिपत्रक वाटतो. तुमच्याकडे मेल इंग्रजीतच जात असतील तर इंग्रजीत लिहा. आकडे आणि क्रियापदं तीच राहतील.

सीसी करण्यापूर्वी तिला मसुदा दाखवा, निदान आकडे तरी. काही जणांना वरिष्ठांसमोर नाव आलेलं आवडत नाही. तसं असेल तर हाच मेल तिला एकटीला पाठवा आणि सीएफओंना दोन ओळींची वेगळी टीप. पाठवायची वेळही बघा. दर महिन्याची ११ ते २० ही विवरणांची धामधूम, त्यात कोणी मन लावून वाचत नाही. २१ नंतर, पण महिनाअखेरचे हिशेब बंद करायची गडबड सुरू होण्याआधी पाठवा. आणि एक प्रत तिच्या मूल्यांकनाच्या फोल्डरमध्ये टाका. मार्चमध्ये फॉर्म भरताना ही २९ बिलं तुम्हाला आठवणार नाहीत.