श, व, न, स, प, र आणि मधोमध त: सातही अक्षरांचा शब्द कोणता?

प्रश्न: "आम्ही नागपूरला मैत्रिणी मिळून मराठीत मधाच्या पोळ्यासारखं मांडलेलं शब्दकोडं खेळतो. सात व्यंजनं, मधलं प्रत्येक शब्दात हवंच, काना-मात्रा-अनुस्वार मोकळे, एक अक्षर कितीदाही वापरा. यावेळी मध्ये त आणि भोवती श, व, न, स, प, र आहेत. 'परिवर्तनास'पर्यंत पोचलो, पण श उरतो. 'परिवर्तनाशी' केलं तर स उरतो. सातही अक्षरं असलेला शब्द, म्हणजे पॅनग्राम, कसा हुडकायचा?"

उत्तर:

तुम्ही परिवर्तनाच्या मागे लागलात आणि तिथेच अडकलात. तो शब्द पाच अक्षरं खातो खरा, पण ती पाचही मराठीत भरपूर चालणारी आहेत. उरतात श आणि स, आणि त्यांना जोडायला विभक्तीच्या प्रत्ययाशिवाय काही हाताशी राहत नाही. म्हणून सुरुवात उलट्या बाजूने करावी. सातांतलं सगळ्यांत कमी शब्दांत येणारं अक्षर आधी धरायचं. इथे ते श आहे.

श आणि त दोन्ही असलेले शब्द मांडून बघा: शेत, शांत, शाश्वत, शस्त्र, शास्त्र. यादी लगेच आटोपते. यातला 'शास्त्र' वेगळा आहे, कारण तो दुसऱ्या शब्दाच्या शेपटीला सहज लागतो. इंग्रजी कोड्यात आय, एन, जी ही तीन अक्षरं एकत्र दिसली की जाणता खेळाडू त्यांचा प्रत्यय आधी बाजूला काढून ठेवतो. मराठीत तेच काम शास्त्र, कार, दार, पणा, वाद, आलय अशी उत्तरपदं करतात. क-र, द-र, प-ण, व-द, ल-य अशा जोड्या दिसल्या की थांबायचं आणि त्या शेवटी बसतात का ते बघायचं.

'शास्त्र'ने श, स, त, र घेतले. राहिले व, न, प. आता शास्त्राच्या आधी शोभेल असं नाम हवं. पर्वत घेतला तर न राहतो. वर्तनशास्त्र हा चांगला शब्द आहे, पण प सुटतो. इथे बरेच जण हात टेकतात, कारण उरलेल्या तीन अक्षरांतच पूर्वपद बसवू बघतात. तसं बंधन नाही. वापरलेला त आणि स पुन्हा घ्या: व, न, स, प, त. वनस्पती. जोडला की वनस्पतिशास्त्र, आणि सातही अक्षरं आली. यात स आणि त दोनदा येतात. व्यंजनं मोजली तर नऊ भरतात. सातच खणांचा शब्द शोधणाऱ्याला तो म्हणूनच दिसत नाही. प्रत्येक अक्षर एकदाच येणारा पॅनग्राम सापडला तर आनंदच, पण नियम तसं मागत नाही.

समासात 'ति' ऱ्हस्व होते, एरवी वनस्पती दीर्घ लिहायची. मात्रा मोकळ्या असल्याने कोड्यात फरक पडत नाही, वहीत मात्र नीट लिहा.

र बद्दल थोडं जास्त सांगतो. परत, पर्वत, पत्र हे तिन्ही तुमच्या पोळ्यातले शब्द, आणि तिन्हींत र वेगळा दिसतो: एकदा अख्खा, एकदा डोक्यावर रफार, एकदा त्र मध्ये मिसळलेला. र उरला असं वाटलं की आधी त्र, प्र, श्र करून पाहावं. क्ष चं तसंच. दीक्षाभूमीत क आणि ष दोन्ही मोजावे लागतात.

आता तुमच्या नियमांबद्दल. विभक्ती लावलेली रूपं बंद करा. न्यूयॉर्क टाइम्सच्या 'स्पेलिंग बी' या अशाच कोड्यात एस हे अक्षर देतच नाहीत, कारण अनेकवचनं करून कोणीही यादी फुगवेल. आपल्याकडे स, त, न, ल, च या प्रत्ययांनी तोच घोळ होतो, पण ही अक्षरं टाळली तर मराठीच उरत नाही. तेव्हा अक्षरं राहू द्या आणि कोशात नोंद म्हणून येतो तोच शब्द धरा. म्हणजे 'परिवर्तन' चालेल, 'परिवर्तनास' नाही. वेगळे लिहिले जाणारे शब्दही नकोत. जिल्हा परिषद यात ज, ल, ह, प, र, ष, द अशी नेमकी सात अक्षरं आहेत, मोह होतोच, पण तो एक शब्द नव्हे.

पुढचं कोडं स्वतः रचणार असाल तर पॅनग्राम आधी ठरवा आणि त्यातून अक्षरं काढा. मोजणी दोनदा करा. महानगरपालिका मोठा म्हणून घ्याल तर त्यात आठ वेगळी व्यंजनं निघतात, आणि नगरपालिकेत सहाच.

आणि या पोळ्यात आणखी एक दडलाय. वनस्पतिशास्त्रज्ञ बाद, कारण ज्ञ नाही. पण वनस्पतिशास्त्रवेत्ता याच सात अक्षरांत बसतो. 'वेत्ता' जोडलेले शब्द धरायचे की नाही, ते तुमच्या गटाने कोश उघडून ठरवावं. मी तरी त्याचे गुण देईन.